महागडा गेला आणि पहिला शेवटचा झाला

पत्र

आमच्या संस्थेत हजेरी आणि पगाराचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं आहे. चार व्हेंडरचे प्रस्ताव आले. किंमत 40, गुणवत्ता 30, अनुभव 15, जोखीम 15 असा गुणतक्ता आम्ही केला. किमतीत सगळ्यात स्वस्ताला 40, सगळ्यात महागाला 0 आणि मधल्यांना प्रमाणात. बाकी तीन रकान्यांत आम्ही तिघांनी 0 ते 5 गुण दिले. 'क' पहिला आला. दोन दिवसांनी सगळ्यात महाग असलेल्या 'ड'ने माघार घेतली, म्हणून त्याची ओळ काढली, तर 'क' एकदम शेवटी! साहेब म्हणतात, तुमचा तक्ता हवा तसा फिरतो. खरं सांगायचं तर 'क'ला गुणवत्तेत मी 3 दिले होते. बाकी दोघांनी 5 दिले आणि बैठकीत 5च ठरले. आता काय करावं? तक्ता सोबत जोडला आहे.

— खरेदी समितीतली एक सदस्य

उत्तर

साहेबांचा राग समजण्यासारखा आहे, पण तक्ता कुणी फिरवलेला नाही. तो तुम्ही निवडलेल्या सूत्रामुळे आपोआप फिरला. तुमचेच आकडे घेतो. किमती डोळ्यांना सोप्या जाव्यात म्हणून सगळ्यात स्वस्त 'अ' म्हणजे 100 धरतो. तसं केलं की 'ब' 115, 'क' 125 आणि 'ड' 200 येतात. गुणवत्ता, अनुभव आणि जोखीम मिळून 60 पैकी 'अ'ला 30, 'ब'ला 45, 'क'ला 54 आणि 'ड'ला 48 पडले आहेत.

| | किमतीचे गुण, 'ड' असताना | एकूण | किमतीचे गुण, 'ड' गेल्यावर | एकूण |
|---|---|---|---|---|
| अ | 40 | 70 | 40 | 70 |
| ब | 34 | 79 | 16 | 61 |
| क | 30 | 84 | 0 | 54 |
| ड | 0 | 48 | – | – |

'क'ने आपली किंमत एका पैशाने वाढवली नाही, तरी त्याचे किमतीचे 30 गुण गेले. कारण तुमच्या सूत्रात मोजपट्टीचं एक टोक सगळ्यात महाग व्हेंडरच्या हातात आहे. 'ड' 200 वर उभा होता तोवर 100 आणि 125 शेजारी शेजारी दिसत होते. तो निघून गेल्यावर पट्टी 100 ते 125 एवढीच उरली आणि तेच 25 चं अंतर ताणून पूर्ण 40 गुणांचं झालं. याचा दुसरा अर्थ जास्त वाईट आहे. कुणी मुद्दाम एक अवाच्या सवा किमतीचा प्रस्ताव आत घुसवला, तर मधल्या किमतीच्या आपल्या माणसाला तो फुकटात गुण मिळवून देऊ शकतो. तुमच्याकडे तसं झालं असं मी म्हणत नाही. सूत्र मात्र त्याला मोकळी वाट देतं.

आणि कागदावर तुम्ही किमतीला 40 भार दिला असला, तरी दोन्ही वेळी तो भार सारखा चालला नाही. पहिल्या वेळी 'अ' आणि 'क' यांच्यात किमतीने 10 गुणांचा फरक पाडला, दुसऱ्या वेळी 40 चा. रकान्यावर लिहिलेला भार ही फक्त कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात किती जोर लागला हे त्या रकान्यात गुण किती पसरले त्यावर ठरतं. हे किमतीपुरतं नाही. गुणवत्तेत सगळ्यांना 4 देऊन टाकले तर तिचे 30 असोत वा 50, निकालात तिचा वाटा शून्य.

मग सूत्र कोणतं घ्यावं? जास्त रूढ असलेलं सूत्र असं आहे: सगळ्यात कमी किमतीला या व्हेंडरच्या किमतीने भागा आणि भाराने गुणा. सल्लागार निवडताना गुणवत्ता आणि किंमत दोन्ही मोजायच्या असतात, तिथे जागतिक बँकेच्या खरेदीतही किमतीला याच प्रमाणात गुण देण्याची रीत आहे. एक्सेलमध्ये किमती B2 ते B5 मध्ये असतील तर:

```
=40*MIN($B$2:$B$5)/B2
```

या सूत्राने 'अ' 40, 'ब' 34.8, 'क' 32 आणि 'ड' 20. आता 'ड' राहिला काय, गेला काय, बाकी तिघांचे गुण हलत नाहीत. पण हेही सूत्र निर्दोष नाही. इथे पट्टी सगळ्यात स्वस्त व्हेंडरच्या हातात आहे. उद्या कुणी 50 चा प्रस्ताव टाकला तर 'अ'चे 20 होतात, 'क'चे 16, आणि त्या दोघांमधला 8 गुणांचा फरक 4 वर येतो. म्हणून सगळ्यात कमी किंमत तक्त्यात टाकण्याआधी ती खरी आहे का, पूर्ण आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. कुणाच्याही हातात पट्टी नको असेल तर तिसरा मार्ग आहे. प्रस्ताव उघडण्याआधी तुमच्या अंदाजपत्रकावरून ठरवा की इतक्या किंवा त्याहून कमी किमतीला पूर्ण गुण, आणि इतक्याला शून्य. मला स्वतःला हाच मार्ग आवडतो. त्यासाठी अंदाजपत्रक प्रामाणिकपणे केलेलं हवं, एवढीच अट. ते नसेल तर भागाकाराचं सूत्र बरं.

किंमत खरी आहे का, याचं उदाहरण तुमच्या तक्त्यातच आहे. 'अ'च्या प्रस्तावात जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणण्याचा खर्च नाही. तळटीपेत 'स्वतंत्र आकारणी' एवढेच दोन शब्द आहेत. बाकी तिघांनी तो खर्च धरला आहे. तुम्ही विचारल्यावर त्याने कळवलेला आकडा आपल्या मापात 10 येतो, पण तो तक्त्यात जोडायचा राहिला आहे. म्हणजे 'अ' 100 नाही, 110. तुलना करायची ती करार जितकी वर्षं चालणार तितक्या वर्षांच्या एकूण खर्चाची: परवाना, जुन्या नोंदी हलवणं, प्रशिक्षण, दरवर्षीची देखभाल, आणि करार संपल्यावर आपला डेटा परत मिळवण्याचा खर्च. हा शेवटचा बहुतेक वेळा कुणीच विचारत नाही, आणि नेमका तोच माणसाला बांधून ठेवतो.

दुरुस्त किमतीने, भागाकाराच्या सूत्राने हिशेब पुन्हा केला तर किमतीचे गुण 'अ' 40, 'ब' 38.3, 'क' 35.2 असे होतात. एकूण 'अ' 70, 'ब' 83.3, 'क' 89.2. 'क' पुन्हा पहिला. इथे थांबून साहेबांकडे गेलात तर काम होईल असं वाटेल. थांबू नका, कारण खरी गोष्ट आता सुरू होते.

निकाल किती घट्ट आहे हे पाहण्यासाठी बहुतेक समित्या भार बदलून बघतात. तेही करून पाहिलं. किमतीचा भार 40 वरून वाढवत नेला आणि बाकीच्यांचा त्याच प्रमाणात कमी केला, तर 'ब'ने 'क'ला गाठायला किमतीला साधारण 66 भार द्यावा लागतो. इतका भार तुमच्यापैकी कुणीच सुचवलेला नाही. म्हणजे भारांवरून वाद घालण्यात अर्थ नाही, 30 द्या की 50, 'क' पुढेच राहतो.

आता दुसरी चाचणी. भार तसेच ठेवा आणि एकच गुण एका पायरीने हलवा. गुणवत्तेला 30 भार आहे आणि पायऱ्या 5 आहेत, म्हणजे एक पायरी 6 गुणांची. 'क'चे गुणवत्तेतले 5 काढून 4 केले तर त्याचे एकूण 83.2 होतात, आणि 'ब' 83.3 वर आहे. बरोबरी! 3 केले, म्हणजे तुम्ही दिले होते ते, तर 'क' 77.2 वर येतो आणि 'ब' सरळ जिंकतो. तुमचा सगळा निर्णय त्या एका 5 वर उभा आहे.

म्हणून तुमच्या 3 कडे येऊ. तक्त्यात शेऱ्याचा रकाना आहे. एका सदस्याचा शेरा 'उत्तम', दुसऱ्याचा 'स्क्रीन स्वच्छ, वापरायला सोपं'. तुमचा शेरा: 'मागच्या तारखेपासून दिलेली पगारवाढ डेमोत हाताने टाकावी लागली.' तिघांतला हा एकच शेरा पुरावा म्हणावा असा आहे. तो बैठकीत दोन विरुद्ध एक असा हरला, कारण 5 म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकासाठी 5 म्हणजे 'आवडलं', तुमच्यासाठी 5 म्हणजे 'अडलं नाही'. सरासरी काढली असती तरी हाती काही लागलं नसतं. सरासरीने 4.33 आलं असतं, 'क' 85.2 वर पहिला राहिला असता आणि पगारवाढीची गोष्ट त्या दशांशात पुरली गेली असती.

गुणांच्या पायऱ्यांना अर्थ द्यायचा तर विशेषणं चालत नाहीत. 'उत्तम', 'चांगलं', 'समाधानकारक' लिहून काही ठरत नाही, कारण उत्तम कुठे संपतं आणि चांगलं कुठे सुरू होतं हे प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. पायरी अशी लिहावी की दोन माणसांनी एकच डेमो पाहिला तर दोघांनाही तोच आकडा लिहावा लागेल. पगाराच्या सॉफ्टवेअरसाठी ते अवघड नाही. वीस काल्पनिक कर्मचाऱ्यांचा एका महिन्याचा डेटा तयार करा. त्यात एक जण महिन्याच्या मध्यात रुजू झालेला, एक बिनपगारी रजेवर गेलेला, एकाची पाळी मध्यरात्र ओलांडणारी, आणि एकाला मागच्या तारखेपासून वाढ मिळालेली. प्रत्येकाचा बरोबर पगार आधी स्वतः हाताने काढून ठेवा. मग प्रत्येक व्हेंडरला तोच डेटा, तेवढाच वेळ. सगळी उत्तरं बरोबर आली आणि ती व्हेंडरच्या नाही तर तुमच्या कर्मचाऱ्याने काढली, तर 5. काही चुकलं पण बसल्या जागी सेटिंग बदलून बरोबर आलं, तर 3. बरोबर यायला नवं प्रोग्रामिंग लागेल असं व्हेंडरने सांगितलं, तर 1. करूनच दाखवलं नाही, तर 0. मधले 2 आणि 4 मधल्या परिस्थितीला. या पट्टीवर 'क'चा पगारवाढीचा प्रकार 3 ठरेल की 4, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. हाताने टाकावं लागणं म्हणजे एका माणसासाठी एकदा, की दर वेळी दोनशे जणांसाठी, यावर ते आहे. पण चाचणी घेतली की उत्तर तासाभरात मिळेल.

गुण देताना तिघांनी आपापले कागद वेगवेगळे भरावेत आणि बैठकीआधी जमा करावेत. बैठकीत सगळ्या रकान्यांवर बोलायची गरज नाही. जिथे दोन किंवा जास्त पायऱ्यांचा फरक आहे तेवढ्याच जागा काढा. तिथे आधी एवढंच विचारा: तुम्ही काय पाहिलं? बहुतेकदा एकाने काहीतरी पाहिलेलं असतं जे दुसऱ्याच्या नजरेतून निसटलं. मग ज्याला गुण बदलायचा त्याने कारण लिहून बदलावा. मतदान नको. आणि हे सगळं होईपर्यंत किमती बंद राहाव्यात. 'अ' सगळ्यात स्वस्त आहे हे कळल्यावर त्याच्या डेमोतली चूक 'किरकोळ' वाटायला लागते, हे मी बऱ्याच समित्यांत पाहिलं आहे, आणि त्यात मीही होतो.

अनुभवाच्या रकान्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मला तो गुणतक्त्यात आवडत नाही. अनुभव व्हेंडरचा असतो, गुणवत्ता त्याने देऊ केलेल्या कामाची असते. मोठ्या जुन्या व्हेंडरला जुनेपणाचे गुण अनुभवात मिळतात, मग 'एवढी वर्षं आहे म्हणजे चांगलंच असेल' म्हणून गुणवत्तेत, आणि 'बुडणार नाही' म्हणून जोखमीत. एकाच गोष्टीचे तीनदा गुण. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने 2008 मध्ये सार्वजनिक खरेदीच्या एका खटल्यात हीच रेघ ओढली होती: बोलीदार काम करायला लायक आहे का हा एक प्रश्न, आणि कोणाचा प्रस्ताव सरस हा दुसरा, आणि पहिल्यासाठीचे निकष दुसऱ्यात वापरायचे नाहीत. पुढे 2014 च्या नियमांत तिथे एक सूट आली. प्रत्यक्ष कामावर कोणती माणसं येणार यावर कामाचा दर्जा बराच अवलंबून असेल, तर त्या माणसांचा अनुभव मोजता येतो. तुम्हीही तसंच करा. कंपनीच्या अनुभवाचा एक उंबरठा ठेवा: आपल्याएवढ्या कर्मचारीसंख्येच्या इतक्या ठिकाणी हे काम चालू आहे की नाही. असेल तर आत, नसेल तर बाहेर, गुण नाहीत. गुण द्यायचेच तर तुमच्याकडे येऊन काम बसवणाऱ्या माणसांना द्या, त्यांची नावं करारात येणार असतील तरच.

जोखमीबद्दल दोनच गोष्टी. पहिली, पट्टीची दिशा मोठ्या अक्षरात लिहा: 5 म्हणजे जोखीम सगळ्यात कमी. एका समितीत आमच्यातल्या एकाने उलटं समजून सगळ्यात धोकादायक व्हेंडरला 5 दिले होते, आणि ते सापडलं बेरीज झाल्यावर तिसऱ्या दिवशी. दुसरी, काही जोखमी बेरजेत विरघळू द्यायच्या नसतात. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची माहिती ज्याच्याकडे जाणार, तो करार संपल्यावर ती वापरता येईल अशा स्वरूपात परत द्यायला लेखी तयार नसेल, तर त्याला जोखमीत 1 देऊन किमतीच्या जोरावर वर येऊ देऊ नका. ती अट, गुण नव्हे.

आता तुमच्यापुढचा नाजूक भाग. किमती उघडल्या आहेत, नावं माहीत आहेत, आणि मी तुम्हाला सूत्र बदलायला सांगतो आहे. कुणीही बोट दाखवेल. आधी हे पाहा की गुण देण्याची पद्धत व्हेंडरना आधी कळवली होती का. कळवली असेल तर ती आता बदलायची नाही. त्याच पद्धतीने निकाल लावा, आणि ते योग्य वाटत नसेल तर प्रक्रिया रद्द करून नव्या पद्धतीसह सगळ्यांना पुन्हा बोलवा. मधला मार्ग नाही. पद्धत फक्त तुमच्या घरची असेल तर बदलता येईल, पण साहेबांना वरचा तक्ता दाखवा, 'ड' असताना आणि नसताना काय झालं ते दाखवा, आणि नवं सूत्र त्यांच्या सहीने मंजूर करून घ्या. जुना तक्ता फाडू नका, फाइलमध्येच राहू द्या.

मग गुणवत्तेची चाचणी पुन्हा घ्या, फक्त 'क'ची नाही, तिघांचीही, त्याच वीस कर्मचाऱ्यांच्या डेटावर. जमलं तर गुण देणाऱ्यांत किमान एक माणूस असा घ्या ज्याने किमती पाहिलेल्या नाहीत, पगार विभागात रोज हे काम करणारा कुणी तरी. चाचणीआधीच लिहून ठेवा की पहिल्या दोघांत 2 गुणांहून कमी फरक आला तर बरोबरी धरायची आणि मग ज्याचा एकूण खर्च कमी तो घ्यायचा. 'क'ला 4 मिळाले तर हे कलम लागेल आणि 'ब' येईल. 5 टिकले तर 'क' घ्या. आणि 3 आले, तर तुमच्या त्या शेऱ्याची एक प्रत बैठकीच्या इतिवृत्ताला जोडा.